आतल्या गल्लीतला फ्लॅट की मेन रोडवरचा?

दोन्ही फ्लॅट आम्ही एकाच आठवड्यात पाहिले. भाडं जवळपास सारखं आणि खोल्याही तेवढ्याच, त्यामुळे त्याबद्दल लिहीत नाही. मुलगा चौथीत, बायकोची ड्यूटी रात्री नऊला सुटते आणि आमच्याकडे गाडी नाही. म्हणून दोन्ही मालकांना तीनच गोष्टी विचारल्या: शाळा, बस आणि रात्रीचं येणं-जाणं.

शाळेच्या बाबतीत गल्लीतला फ्लॅट सरळ पुढे होता. "शाळा हाकेच्या अंतरावर आहे," असं मालक म्हणाले आणि ते खरंही होतं. मी चालत गेलो तर सात मिनिटं लागली. पण मालक सांगतात ते अंतर. जागा आहे की नाही, हे शाळेच्या ऑफिसातच कळतं. तिथे चौकशी केली तर चौथीच्या वर्गासाठी आधीच काही नावं प्रतीक्षा यादीत होती. मेन रोडवरच्या फ्लॅटपासून तिकडची दुसरी शाळा अडीच किलोमीटर, पण चौथीत जागा होती आणि व्हॅन बिल्डिंगच्या गेटपाशी थांबत होती. तुमचं मूल पहिलीत जायचं असेल आणि प्रवेश सुरू व्हायचे असतील, तर हे गणित उलटंही होऊ शकतं.

बसबद्दल दोघांनीही "भरपूर बस आहेत" असंच सांगितलं. दिवसा ते खरं आहे, दर दहा मिनिटांनी गाडी येते. मी दुसरा प्रश्न विचारला, "रात्री नऊनंतर किती वेळाने येते?" गल्लीतले मालक म्हणाले, "मिळते हो, काही अडचण नाही." मेन रोडवरचे काका थोडं थांबून म्हणाले, "नऊनंतर चाळीस-चाळीस मिनिटं लागतात. शेवटची पावणेअकराला. आणि येताना समोरच्या बाजूला उतरावं लागतं, मध्ये डिव्हायडर आहे. सिग्नलपर्यंत पुढे जाऊन रस्ता ओलांडा, मधूनच येऊ नका." चाळीस मिनिटांनी गाडी असेल आणि वेळ माहीत नसेल, तर थांब्यावर सरासरी वीस मिनिटं उभं राहायची तयारी ठेवावी लागते. म्हणून रात्री बस कुठे जाते यापेक्षा थांबा कसा आहे, हे मला जास्त महत्त्वाचं वाटू लागलं.

माझा निर्णय ज्याने झाला ती गोष्ट नकाशात दिसत नाही. थांब्यापासून गल्लीतल्या बिल्डिंगपर्यंत साडेतीनशे मीटर अंतर आहे, नकाशावर पाच मिनिटं. दुपारी फ्लॅट पाहायला गेलो तेव्हा तो तुकडा छान, झाडांच्या सावलीचा वाटला होता. आम्ही दोघं रात्री साडेनऊला मुद्दाम पुन्हा गेलो. एका बाजूला लांबलचक कंपाउंडची भिंत, दुसऱ्या बाजूला मोकळा प्लॉट, आणि कोपऱ्यावरच्या दोन्ही दुकानांची शटर खाली आलेली. दिवे सगळे चालू होते, पण फांद्या त्यांच्या खाली वाढल्यामुळे उजेड पानांवरच अडत होता आणि खाली रस्त्यावर अंधाराचे पट्टे पडले होते. त्या पाच मिनिटांत आम्हाला एकही माणूस भेटला नाही. बायको काही बोलली नाही, फक्त पर्स खांद्यावरून काढून पुढे धरली. माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी मालकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "एरिया एकदम सेफ आहे, आजवर काही झालेलं नाही." ते खोटं बोलत होते असं मला अजिबात वाटत नाही. पण मी विचारलं, "तुम्ही स्वतः इथे राहिला आहात का? आधीचे भाडेकरू रात्री कसे यायचे?" तेव्हा कळलं की ते इथे कधी राहिलेच नाहीत आणि आधीच्या भाडेकरूंकडे गाडी होती. रात्री त्या तुकड्यातून चालत कोण येतं, हे त्यांना माहीत असण्याचं कारणच नव्हतं. मेन रोडवरचे काका सहा वर्षं त्याच फ्लॅटमध्ये राहिले होते. मागचं गेट दहाला बंद होतं आणि मग पुढूनच यावं लागतं, हेही त्यांनी न विचारता सांगितलं. ज्याला तिथल्या अडचणी सांगता येतात, त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही माझा विश्वास बसतो.

मेन रोडच्या फ्लॅटला त्रास आहे, तो लपवत नाही. पहाटेपासून हॉर्न सुरू होतात आणि रस्त्याकडच्या खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. झोप सावध असेल तर गल्लीतला फ्लॅट नक्की पाहा, दिवसभर तिथे खरोखर शांतता असते. घरात रात्री उशिरा एकट्याने चालत येणारं कोणी नसेल, तर कदाचित मीही तोच घेतला असता.

आम्ही मेन रोडवरचा घेतला. बायको सिग्नलपाशी आली की फोन करते आणि मी गॅलरीत जाऊन उभा राहतो. तिथून ती रस्ता ओलांडून गेटमध्ये शिरेपर्यंत सबंध दिसते.