मायकोप्लाझ्माच्या न्यूमोनियात तीनपैकी कोणते औषध?

वय 64, मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड चालू, दोन आठवडे कोरडा खोकला; मायकोप्लाझ्माचा संशय असलेल्या या रुग्णासाठी ॲझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन की लिव्होफ्लॉक्सॅसिन, असा प्रश्न एका प्रशिक्षणार्थी डॉक्टरने विचारला. या जिवाणूला पेशीभित्तिकाच नसल्यामुळे पेनिसिलिन येथे निरुपयोगी ठरते.

ॲझिथ्रोमायसिन रायबोसोमच्या 50S भागातील बोगद्यात बसून प्रथिनाची वाढती साखळी अडवते, तर डॉक्सिसायक्लिन 30S भागावर बसून अमिनो आम्ल आणणाऱ्या टीआरएनएला जागाच मिळू देत नाही. लिव्होफ्लॉक्सॅसिन रायबोसोमला हात लावत नाही. ते डीएनए गायरेज आणि टोपोआयसोमरेज 4 ही विकरे निकामी करते, म्हणून रायबोसोममधील बदलामुळे मॅक्रोलाइडला, म्हणजे ॲझिथ्रोमायसिनच्या गटातील औषधांना, दाद न देणारा मायकोप्लाझ्माही त्याला सापडतो.

तिघांत त्याचाच पल्ला मोठा, आणि अडचणही तीच: ते क्षयाच्या जिवाणूलाही काही काळ दाबते, त्यामुळे खोकला तात्पुरता कमी होऊन निदान लांबते. शिवाय साठीनंतर, विशेषतः स्टेरॉइड चालू असल्यास, टाचेमागचा स्नायुबंध तुटू शकतो आणि ग्लिमेपिराइडसोबत साखर धोकादायकरीत्या घसरू शकते. ॲझिथ्रोमायसिनमुळे ईसीजीतील क्यूटी अंतर लांबते (लिव्होफ्लॉक्सॅसिनमुळेही). डॉक्सिसायक्लिनने उन्हात त्वचा भाजते, आणि गोळी अन्ननलिकेत अडकल्यास तेथे व्रण होतो, म्हणून ती भरपूर पाण्यासोबत, बसून घ्यावी, दुधासोबत नको.

या रुग्णासाठी मी डॉक्सिसायक्लिन निवडेन. गर्भवतीसाठी किंवा लहान मुलासाठी, क्यूटी सामान्य असल्यास, ॲझिथ्रोमायसिन योग्य. लिव्होफ्लॉक्सॅसिन मात्र ही दोन्ही चालत नसतील तेव्हाच, तेही थुंकीची क्षयासाठी तपासणी झाल्यावर.