अबँडन रेट की वेटिंग टाइम: शिफ्ट लावताना कोणत्या आकड्यावर जायचं?

कॉल सेंटरचा तासागणिक रिपोर्ट हातात आला की शिफ्ट लावणाऱ्याची नजर दोन रकान्यांवर जाते. किती टक्के कॉलर वाट बघून फोन ठेवून गेले, म्हणजे अबँडन रेट, आणि सरासरी किती सेकंद थांबावं लागलं, म्हणजे वेटिंग टाइम. दोन्ही वाईट असतील तर निर्णय सोपा असतो. अडचण होते ती दोन्ही वेगवेगळ्या तासांकडे बोट दाखवतात तेव्हा. खाली समजण्यापुरते आकडे घेतले आहेत. प्रत्येक कॉल सरासरी पाच मिनिटांचा धरा, त्यात कॉलनंतरची नोंदही आली.

| तास | आलेले कॉल | अबँडन | अबँडन रेट | सरासरी वेटिंग |
|---|---|---|---|---|
| ७ ते ८ | २० | ३ | १५% | २० सेकंद |
| ९ ते १० | १८० | ९ | ५% | ३५ सेकंद |
| ११ ते १२ | २४० | ४८ | २०% | ७० सेकंद |
| १ ते २ | १५० | १२ | ८% | ११० सेकंद |

वेटिंग बघणारा म्हणेल, दुपारी १ ला माणसं वाढवा. अबँडन बघणारा म्हणेल, ११ ला वाढवा. माझं मत ११ च्या बाजूने आहे, आणि १ च्या तासाला एकही माणूस वाढवायची गरज नाही. ते का, ते बघू.

बहुतेक रिपोर्टमध्ये सरासरी वेटिंग फक्त उचललेल्या कॉलचं निघतं. जे कंटाळून गेले ते या सरासरीत नसतातच. शिवाय ते रांगेतून बाहेर पडल्यामुळे मागच्यांचा नंबर लवकर लागतो. म्हणजे माणसं जितकी जास्त निघून जातील, तितकं वेटिंग बरं दिसतं. ११ च्या तासाला नेमकं हेच झालं आहे. २४० कॉल गुणिले पाच मिनिटं म्हणजे १२०० मिनिटांचं काम, वीस जणांनी तासभर न थांबता बोलावं इतकं. लॉगिन होते १७. त्यांनी १९२ कॉल घेतले, म्हणजे १०२० मिनिटांपैकी ९६० मिनिटं ते कॉलवरच होते, ९४ टक्के. यापेक्षा जास्त काम त्यांच्याकडून होणारच नव्हतं. वीस जणांचं काम सतरा जणांकडे असताना कोणीच फोन ठेवला नसता, तर रांग तासभर वाढतच गेली असती. ती ७० सेकंदांवर थांबली, कारण ४८ जण निघून गेले. हा तास माणसांच्या खऱ्या तुटवड्याचा आहे आणि तो फक्त अबँडनच्या रकान्यात दिसतो.

आता १ ते २. इथे ८ टक्क्यांच्या मानाने ११० सेकंद खूप वाटतात. अशा वेळी तासाचे दोन तुकडे करून बघावेत. १ ते १:३० मध्ये ७५ कॉल आले, एक सुटला, वेटिंग २० सेकंद. १:३० ते २ मध्येही ७५ च आले, पण ११ सुटले आणि उचललेल्या ६४ कॉलना सरासरी २१४ सेकंद थांबावं लागलं. कॉल तेवढेच, मग फरक कशाने पडला? लॉगिनची नोंद उघडली की कळतं: १:३० ला मोठा गट एकदम जेवायला गेला. यावर उपाय ब्रेकचे तीन गट करून ते पुढेमागे सरकवणं. त्यासाठी तासाचा अबँडन रेट अगदीच कुचकामी आहे आणि वेटिंग, तेही अर्ध्या तासाचं, फार उपयोगी आहे. ब्रेक, ट्रेनिंग, टीम मीटिंग यांचे धक्के वेटिंगमध्ये आधी उमटतात. लोक थोडा वेळ थांबतात, मगच सोडून जातात.

म्हणून माझी विभागणी अशी: शिफ्टमध्ये माणसं किती आणि कोणत्या तासाला, हे ठरवताना अबँडनला जास्त वजन द्यावं; आहे त्या माणसांचे ब्रेक कुठे बसवायचे, हे ठरवताना वेटिंगला.

एक सावधगिरी मात्र हवी. अबँडन रेट बघून थेट माणसं मोजू नयेत. ४८ कॉल सुटले म्हणून ४८ कॉलांपुरती माणसं वाढवली, असा हिशोब चालत नाही. सोडून गेलेला माणूस बऱ्याचदा पुन्हा फोन करतो आणि तोच आलेल्या कॉलमध्ये दोनदा मोजला जातो. ११ च्या तासात एकाच नंबरवरून पुन्हा आलेले २० कॉल निघाले, तर खरे कॉलर २२० च. मग काम १२०० ऐवजी ११०० मिनिटांचं, म्हणजे साधारण १८.३ माणसांचं. अर्लांग सी या नेहमीच्या सूत्राने बघितलं तर २१ जण बसवल्यावर वेटिंग पाऊण मिनिटाच्या आसपास येतं, २२ बसवल्यावर सुमारे २५ सेकंदांवर. २४० धरून चाललात तर त्याच पाऊण मिनिटासाठी २३ लागतात. पुन्हा येणारे कॉल न काढल्याने दोन माणसं उगाच जास्त. (अर्लांग सी कोणी फोन ठेवतच नाही असं धरतं, त्यामुळे ते थोडं जास्तच माणसं मागतं. अर्लांग ए मध्ये कॉलरची सहनशक्तीही धरतात, पण ती आधी मोजलेली असावी लागते.) आणि हे २१ जण प्रत्यक्ष कॉल घ्यायला बसलेले आहेत. रजा, ब्रेक, ट्रेनिंग मिळून ३० टक्के वेळ जात असेल तर रोस्टरवर ३० नावं लागतील.

दोन आकडे शेजारी ठेवण्याआधी ते एकाच तासाचे आहेत ना, तेही तपासा. १०:५८ ला आलेला कॉल ११:०३ ला उचलला, तर काही रिपोर्ट तो १० च्या तासात टाकतात, काही ११ च्या. अबँडनची नोंद फोन ठेवल्याच्या वेळेने आणि वेटिंगची कॉल आल्याच्या वेळेने होत असेल, तर १० च्या शेवटची गर्दी अबँडनमध्ये ११ ला दिसेल आणि तुम्ही शिफ्ट एक तास उशिरा सुरू कराल. दोन्ही रकाने कॉल आल्याच्या वेळेनेच मागून घ्या. शक्य असेल तर वेटिंगचा आणखी एक रकानाही मागा: सुटलेल्या कॉलनी फोन ठेवण्याआधी किती वाट पाहिली तो.

राहिला सकाळी ७ चा तास. १५ टक्के बघून घाबरायला होतं, पण २० कॉलमध्ये एक कॉल म्हणजेच ५ टक्के. त्या तिघांपैकी दोघांनी पाच सेकंदांच्या आत फोन ठेवला असेल, चुकून लागला म्हणून किंवा विचार बदलला म्हणून, तर ते दोन्ही गाळून उरतो १८ मध्ये एक. ही पाच किंवा दहा सेकंदांची गाळणी सगळ्या तासांना सारखीच लावायची. अशा कमी कॉलच्या तासासाठी मी निदान सहा-आठ आठवड्यांचे त्याच वाराचे कॉल एकत्र करून मगच दर काढीन. तरीही तो दर चढाच राहिला, तर तिथे पूर्ण शिफ्ट न लावता ८ ला येणाऱ्या एका माणसाला ७:३० ला बोलवून बघता येतं.