बाबांचे तपकिरी बूट: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

नवीन बुटांबद्दल खूप लिहिलं जातं, पण आधी कुणीतरी पंधरा-सोळा वर्षं घातलेले बूट आपण घालू लागलो तर काय होतं, हे फारसं कुठे वाचायला मिळालं नाही. म्हणून हे लिहितोय. बूट बाबांचे आहेत. लेसचे, तपकिरी, खऱ्या चामड्याचे, तळवा चिकटवलेला नसून शिवलेला. कपाटाच्या खालच्या खणात होते. मला अर्धा नंबर मोठे होतात. मागच्या वर्षी मी ते बाहेर काढले आणि घालायला लागलो.

पहिल्याच दिवशीची गोष्ट. संध्याकाळी घरी आलो, जिना चढून दारापाशी पोचलो, तर आई आतूनच म्हणाली, "आज लवकर?" मी आत गेलो. तिने माझ्याकडे पाहिलं, मग पायांकडे पाहिलं आणि पुन्हा हातातल्या कामाला लागली.

जिन्यावरच्या पावलांच्या त्या आवाजाचं कारण मला नंतर कळलं. टाचेला खाली रबराचा शेवटचा थर असतो, साधारण 6-7 मिलिमीटर जाडीचा. तो खिळ्यांनी ठोकलेला असतो. चालताना बहुतेकांची टाच मागच्या बाहेरच्या कोपऱ्यावर आधी टेकते, म्हणून झीजही तिथेच जास्त होते. उजव्या बुटाचं रबर तिथे इतकं झिजलं होतं की दोन खिळ्यांची डोकी उघडी पडली होती. फरशीवर पाऊल पडलं की रबराचा दबका आवाज येण्याऐवजी 'टक्' असा लोखंडी आवाज यायचा, फक्त उजव्या पायाचा. टक्, मग काही नाही, पुन्हा टक्. लहानपणापासून तो आवाज मी ऐकत आलोय, पण तो खिळ्यांचा आहे हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं. आधी वाटलं जास्त चालणं झालं असेल. मग बूट टेबलावर ठेवले आणि डोळे टेबलाच्या पातळीवर आणून मागून पाहिलं. जुने बूट घालणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा तरी करावं. डावा सरळ उभा होता, उजवा बाहेरच्या अंगाला कललेला. बाबा ज्या पद्धतीने पाऊल टाकायचे, तो कल बुटात उतरला होता आणि आता तो माझ्या पायाला त्याच बाजूला ढकलत होता. दुसऱ्याचे झिजलेले बूट तसेच घालू नयेत म्हणतात ते याचसाठी. त्यांच्या चालीचा भार आपल्या सांध्यांवर येतो.

मोच्याकडे नेले. वयस्क माणूस, मोजकं बोलणारा. त्याने आधी टाचेच्या वरचा, पाऊल मागून धरून ठेवणारा ताठ भाग दोन बोटांनी दाबून पाहिला. तो वाकडा झाला असता तर नवं रबर लावून उपयोग नव्हता, असं म्हणाला. रबर सरळ आणि बूट वाकडाच राहिला असता. तो भाग शाबूत होता. झीज रबराखालून चामड्याच्या थरांपर्यंत नुकतीच पोचत होती. आणखी दोन-तीन महिने तसेच घातले असते तर सगळी टाच नव्याने बांधावी लागली असती. त्याने पक्कड घालून रबर उचकटलं, चामड्याचा थर घासून सपाट केला, नवं रबर ठोकलं आणि कडा कानशीने तासली. दोन्ही बुटांना एकदमच, कारण एकालाच लावलं तर दोन्हींची उंची वेगळी होते.

जुना तुकडा तो फेकणार होता, मी मागून घेतला. घरी आल्यावर मोजला: आतल्या बाजूला 6 मिलिमीटर, बाहेरच्या कोपऱ्यात जेमतेम 1. एका अंगाने कागदासारखा पातळ आणि दुसऱ्या अंगाने जवळजवळ नवा. तो टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे.

गुडघा दुखायचा आठवड्याभरात थांबला. आवाजही थांबला. आता मी घरी येतो तेव्हा बेल वाजवतो, आई दार उघडून कोण आलंय ते बघते.

आतल्या तळाविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण मला स्वतःला हे माहीत नव्हतं. शिवलेल्या बुटात पाऊल ज्या चामड्यावर टेकतं, त्याच्याच कडेला सगळ्या बुटाची शिवण धरलेली असते. त्याच्या खाली बुचाचा भुगा भरलेला असतो, तो वजनाने दबत जातो. त्यामुळे काही वर्षांत तळावर घालणाऱ्याच्या पायाचा साचा उमटतो: टाचेचा गोल, चवड्याचा उंचवटा आणि प्रत्येक बोटाचा वेगळा खळगा. बाबांच्या अंगठ्याचा खळगा खोल आहे, काळपट आणि गुळगुळीत. माझा अंगठा त्याच्या अलीकडेच संपतो. बूट घातला की बोट थोडं पुढे सरकवलं तर त्या खळग्याची कड लागते.

मोची म्हणाला, खालचा तळवा कधी बदलायचा झाला तर बूच नवीन भरता येईल, पण आतला तळ काढायचा म्हणजे सगळा बूट उसवावा लागतो, एरवी कुणी त्याला हात लावत नाही. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

आठव्या महिन्यात एकदा बूट पूर्ण भिजले. हीटरजवळ किंवा उन्हात ठेवू नका, चामडं झपाट्याने सुकलं की आक्रसतं आणि भेगा पडतात. लेस काढून, जीभ बाहेर ओढून, आत वर्तमानपत्राचे सैल बोळे भरले आणि बूट आडवे ठेवले, म्हणजे तळव्यालाही हवा लागते. पहिल्या दिवशी बोळे दर तीन तासांनी बदलले, रात्री गजर लावून उठलो. पूर्ण कोरडे व्हायला अडीच दिवस गेले. वर क्षाराचे पांढरे डाग आले, ते व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन ओल्या फडक्याने पुसल्यावर गेले. मग चामड्याचं क्रीम अगदी थोडं लावलं. सगळ्यात आधी मात्र हात आत घालून बोटांनी तळ चाचपला होता. खळगे जागेवर होते.

एक गोष्ट सोडवता आलेली नाही. गेल्या महिन्यात टॉर्च लावून पाहिलं तर अंगठ्याच्या खळग्याच्या अलीकडे दुसरा, उथळ खळगा तयार होतोय. तो माझा. दोन्हींच्या मधली कड बसायला लागली आहे. रोज घातले तर वर्ष-दीड वर्षात दोन्ही मिळून एकच होईल. पातळ सुटा तळ आत घालून पाहिला. बूट मापात बसला, चालायलाही सोपं गेलं, पण खालचं काहीच लागेना, म्हणून दुसऱ्या दिवशी काढून टाकला.

आता आठवड्यातून एकदाच घालतो. उरलेले दिवस आत लाकडी साचे असतात, पण टोकाशी फट राहील एवढे आखूड, खळग्यावर दाब येणार नाही असे. पाऊस असेल त्या दिवशी बाहेर काढत नाही. भाऊ म्हणाला, तुझ्या मापाचे असेच नवीन मिळतात. मिळत असतील.