रोलिंग रिग्रेशनचा हेज रेशो: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पेअर ट्रेडमध्ये एका शेअरसमोर दुसरा किती शॉर्ट करायचा, हे ठरवण्यासाठी मी गेले बरेच महिने पायथनच्या statsmodels मधील RollingOLS वापरत आहे. जोडी होती एचडीएफसी बँक आणि आयसीआयसीआय बँक, खिडकी साठ सत्रांची आणि व्यवहार फ्युचर्समध्ये. या साधनाची मांडणी चांगली आहे, गणित अचूक आहे आणि वेगही पुरेसा आहे. मला लिहायचे आहे ते त्याच्या एका गुणाबद्दल, जो नेमका चुकीच्या वेळी घातक ठरतो. दोन शेअरमधील नाते तुटू लागले की रोलिंग रिग्रेशन ते तुटणे दाखवण्याऐवजी स्वतःच्या रेषेत सामावून घेते, आणि त्यामुळे पडद्यावरचा झेड-स्कोअर निरोगी दिसत राहतो.

आधी मांडणी. एचडीएफसी बँकेचा भाव आयसीआयसीआय बँकेच्या भावावर बसवला की दोन आकडे मिळतात: स्थिरांक आणि उतार. उतार म्हणजे हेज रेशो. प्रत्यक्ष भाव आणि रेषेने सांगितलेला भाव यांतील फरक म्हणजे स्प्रेड. स्प्रेड त्याच्या प्रमाण विचलनाच्या दुपटीपलीकडे गेला की व्यवहार करायचा आणि शून्याजवळ आला की बाहेर पडायचे, ही सर्वपरिचित रीत आहे. साठ सत्रांची खिडकी दररोज एक दिवस पुढे सरकते, म्हणून दोन्ही आकडेही दररोज बदलतात. आजच्या आकड्यांमध्ये आजचा बंद भाव मिसळलेला असल्यामुळे ते एक दिवस मागे सरकवूनच वापरावेत, अन्यथा मागील माहितीवरची चाचणी प्रत्यक्षापेक्षा गोड दिसते.

आता एक व्यवहार आकड्यांनिशी पाहू. आकडे उदाहरणासाठी सोपे करून घेतले आहेत, पण घडण्याची रीत हीच असते. समजा, प्रवेशाच्या दिवशी स्थिरांक 450 आणि उतार 1.25 आहे. आयसीआयसीआय बँक 950 रुपयांवर असताना रेषा एचडीएफसी बँकेचा भाव 1,637.50 सांगते, पण प्रत्यक्ष भाव 1,600 आहे. स्प्रेड उणे 37.50, प्रमाण विचलन 18, म्हणजे झेड-स्कोअर उणे दोनच्या किंचित खाली. संकेत मिळाला. त्या काळी एचडीएफसी बँकेचा लॉट 550 चा आणि आयसीआयसीआय बँकेचा 700 चा होता, त्यामुळे एकास एक लॉट घेतला तर प्रमाण 1.27 येते, आणि ते हव्या असलेल्या 1.25 च्या अगदी जवळ आहे. एचडीएफसी बँक खरेदी, आयसीआयसीआय बँक शॉर्ट.

चाळीस सत्रांनंतर एचडीएफसी बँक 1,500 वर आणि आयसीआयसीआय बँक 940 वर आहे. दरम्यान खिडकी पुढे सरकली, स्थिरांक उणे 2 झाला आणि उतार 1.6. नवी रेषा 1,502 हा भाव सांगते, म्हणून स्प्रेड उणे 2, आणि झेड-स्कोअर जवळजवळ शून्य. पडद्यानुसार स्प्रेड परत आला आणि व्यवहार यशस्वी झाला. खात्यात मात्र एचडीएफसी बँकेवर 55,000 रुपये तोटा आणि आयसीआयसीआय बँकेवर 7,000 रुपये नफा, म्हणजे निव्वळ 48,000 रुपयांचा तोटा आहे.

ही तफावत कुठून आली? प्रवेशाच्या दिवशीची रेषा तशीच गोठवून ठेवली तर 940 च्या भावावर ती 1,625 सांगते, म्हणजे स्प्रेड उणे 125. तो 37.50 वरून 125 पर्यंत रुंदावला, आणि हा 87.50 रुपयांचा फरक 550 शेअरवर लावला की 48,125 रुपये येतात. उरलेले सव्वाशे रुपये लॉटच्या गोलाईचे. पडद्यावर मात्र स्प्रेड 35.50 रुपयांनी सुधारलेला दिसतो, कारण त्याच काळात रेषाच 123 रुपये खाली सरकली. भाव रेषेकडे आला नाही, रेषा भावाकडे गेली. यात सर्वांत महत्त्वाची बाब ही की उताराचा व्यवहार करता येतो, स्थिरांकाचा येत नाही. हेज रेशो बदलला तर आयसीआयसीआय बँकेचे लॉट वाढवता येतात, पण स्थिरांक 450 वरून उणे 2 झाला, याचा एक रुपयाही कोणी आपल्या खात्यात जमा करत नाही. दररोज नव्या उतारानुसार हेज दुरुस्त करणाऱ्यालाही ही त्रुटी चुकत नाही.

म्हणून दोन्ही स्प्रेड शेजारी ठेवणे ही माझ्या दृष्टीने या साधनाच्या वापराची पहिली अट आहे. त्यासाठी लागणारी जोड एवढीच:

```python
import statsmodels.api as sm
from statsmodels.regression.rolling import RollingOLS

X = sm.add_constant(df["ICICIBANK"])
fit = RollingOLS(df["HDFCBANK"], X, window=60).fit()
p = fit.params.shift(1)
shown = df["HDFCBANK"] - p["const"] - p["ICICIBANK"] * df["ICICIBANK"]

p0 = p.loc[entry]
frozen = df["HDFCBANK"] - p0["const"] - p0["ICICIBANK"] * df["ICICIBANK"]
moved = shown - frozen
```

`entry` म्हणजे प्रवेशाची तारीख. `moved` हा स्तंभ रेषा किती सरकली ते रुपयांत सांगतो. प्रवेशाच्या वेळचे अंतर 37.50 होते आणि रेषा 123 ने सरकली, म्हणजे ज्या अंतरावर विश्वास ठेवून व्यवहार केला त्याच्या तिपटीहून अधिक. माझा नियम असा आहे की रेषेचे सरकणे मूळ अंतराएवढे झाले की झेड-स्कोअर काहीही असो, व्यवहार बंद करायचा, कारण ज्या नात्यासाठी तो केला ते नाते आता मोजमापात उरलेले नाही. साठ सत्रांच्या उतारात नमुन्याचा गोंगाट भरपूर असल्यामुळे लहानसहान हालचालींना अर्थ नसतो, आणि `fit.bse` मधील प्रमाण त्रुटींवरही विसंबू नये, कारण सलग दिवसांचे अवशेष परस्परांशी निगडित असतात आणि त्यामुळे त्या त्रुटी खऱ्यापेक्षा लहान दिसतात.

दुसरी खूण रिग्रेशन उलट दिशेने चालवल्यावर दिसते. एचडीएफसी बँक आयसीआयसीआय बँकेवर बसवून मिळणारा उतार आणि आयसीआयसीआय बँक एचडीएफसी बँकेवर बसवून मिळणारा उतार यांचा गुणाकार नेहमी आर-स्क्वेअरएवढा असतो. नाते घट्ट असताना पहिला 1.25 आणि दुसरा 0.72 असेल, गुणाकार 0.90, दुसऱ्याचा व्यस्त 1.39, म्हणजे दोन्ही दिशांनी हेज रेशो साधारण सारखाच येतो. नाते सैल झाल्यावर पहिला 1.6 आणि दुसरा 0.28 असे चित्र दिसते. गुणाकार 0.45, आणि दुसऱ्या दिशेने हेज रेशो निघतो जवळपास 3.6. एकाच जोडीसाठी 1.6 आणि 3.6 ही दोन्ही उत्तरे गणिताला तितकीच मान्य असतील, तर त्या जोडीला हेज रेशो असा उरलेलाच नाही. शिवाय लॉटचीही अडचण येते: 1.6 गाठायला एचडीएफसी बँकेच्या चार लॉटसमोर आयसीआयसीआय बँकेचे पाच लागतात, आणि लहान खात्याला ते परवडत नाही.

तथापि, आर-स्क्वेअरवर सर्व भिस्त ठेवता येत नाही, आणि याच जागी हे तुटणे निःशब्द होते. खिडकीत जुने आणि नवे असे दोन्ही काळ असतात तोवर आर-स्क्वेअर खालावतो. साठ सत्रे उलटली की जुना काळ खिडकीबाहेर पडतो, रेषा पूर्णपणे नव्या काळाची होते आणि सारे आकडे पुन्हा सुदृढ दिसू लागतात. ही सुधारणा नव्हे, हे विस्मरण आहे. आणि बदल पुरेसा हळू असेल तर आर-स्क्वेअर मध्ये कधी खालावतही नाही. उतार एकाच दिशेने आठवड्यामागून आठवडे सरकत राहतो आणि स्थिरांक त्याच्या विरुद्ध दिशेने जातो. या कारणासाठी मी साठ सत्रांच्या खिडकीशेजारी अडीचशे सत्रांची दुसरी खिडकी ठेवतो. दोन्ही उतारांमधील अंतर एकाच बाजूने वाढत राहिले, तर लहान खिडकीचे समाधानकारक चित्र मी ग्राह्य धरत नाही.

स्प्रेड स्थिर आहे की नाही हे तपासण्यासाठी अनेक जण रोलिंग स्प्रेडवरच `adfuller` चालवतात. ती चाचणी येथे निरुपयोगी आहे, कारण दररोज नव्याने बसवलेल्या रेषेचे अवशेष रचनेमुळेच शून्याभोवती फिरतात. चाचणी करायची तर दोन्ही भाव थेट `coint` ला द्यावेत, म्हणजे उतार अंदाजाने काढलेला असल्याची दखल घेणारी निर्णायक मूल्ये वापरली जातात. तरीही साठ निरीक्षणांवर तिची ताकद फारच कमी असते, त्यामुळे ती दीर्घ खिडकीवरच चालवणे सयुक्तिक ठरते.

या जोडीच्या बाबतीत आकड्यांमागचे कारणही समोर होते. एचडीएफसी लिमिटेडच्या विलीनीकरणाची घोषणा 4 एप्रिल 2022 रोजी झाली आणि ते 1 जुलै 2023 पासून लागू झाले. त्या दिवसापासून एचडीएफसी बँकेच्या ताळेबंदात गृहकर्जांचा मोठा साठा आणि त्यासोबत उसनवारीही आली. ठेवींच्या तुलनेत कर्जांचे प्रमाण वाढले, स्वस्त ठेवींचा वाटा घटला आणि व्याजाचा फरक आक्रसला. आयसीआयसीआय बँकेत असे काहीच घडले नव्हते. शेअरचे चिन्ह तेच राहिले, पण त्यामागचा धंदा बदलला. बाजारात मोठा आवाज झाला तो नंतर, 17 जानेवारी 2024 रोजी, जेव्हा तिमाही निकालानंतर एचडीएफसी बँक एका दिवसात आठ टक्क्यांहून अधिक पडली. त्या दिवसाची घट कोणत्याही तक्त्यावर दिसते. पण मधल्या महिन्यांत गोठवलेल्या रेषेपासूनचे अंतर आणि दोन खिडक्यांतील उतारांचा फरक काय म्हणत होते, हे ज्याला पाहायचे असेल त्याने वरील स्तंभ त्या काळाच्या माहितीवर स्वतः चालवून पाहावेत. सर्वांत उपयुक्त अभ्यास मला तोच वाटतो.

सध्या मी रोलिंग उतार केवळ प्रवेशाच्या दिवशी लॉट ठरवण्यासाठी वापरतो. बाहेर पडण्याचा निर्णय गोठवलेल्या स्प्रेडवर घेतो, आणि स्प्रेड अर्धा भरून येण्यास पूर्वी लागत असलेल्या काळाच्या दुपटीनंतरही तो परतला नाही, तर व्यवहार तसाच बंद करतो. हा अर्धकाळही गोठवलेल्या रेषेवरच मोजावा; सरकत्या रेषेवर मोजलेला अर्धकाळ खिडकीच्या लांबीनेच बांधला जातो आणि नाते संपल्यावरही लहान दिसतो. विलीनीकरणासारखी घटना मध्ये आली, तर अडीचशे सत्रांची खिडकी पूर्णपणे नव्या काळाने भरेपर्यंत ती जोडी केवळ निरीक्षणात ठेवायची, असेही मी ठरवले आहे. या जोडीसाठी ती मुदत जुलै 2024 च्या सुमारास पुरी झाली.