काडी पेटली, थेंब तळाशी गेला, तरी मध नकलीच निघाला

आमच्या सोसायटीतल्या प्रदर्शनात एका विक्रेत्याने किलोला 900 रुपये घेऊन मध विकला. बाटलीवर ‘रॉ’, ‘ऑरगॅनिक’, ‘मल्टिफ्लोरा’ असे तिन्ही शब्द ठळक छापले होते. समोर पाण्याचा ग्लास ठेवून त्याने थेंब सोडला, तो न विरघळता तळाशी बसला. काडीपेटीची काडी मधात बुडवून ओढली, तीही पेटली. बघणाऱ्या सगळ्यांनी बाटल्या घेतल्या, मीही घेतली.

चव काकवीसारखी वाटली म्हणून बाटली खासगी प्रयोगशाळेत दिली. अहवालात एचएमएफ किलोला 260 मिलिग्रॅम निघाले. आपल्याकडची कमाल मर्यादा 80 आहे. साखर आम्ल घालून उकळली की हा घटक भरपूर तयार होतो. जुन्या किंवा तापवलेल्या खऱ्या मधातही तो वाढतो, त्यामुळे एवढ्यावरून मी निष्कर्ष काढला नसता. पण मधमाशीकडून येणारे डायस्टेज हे विकर जवळजवळ नव्हतेच आणि सुक्रोज 5 टक्क्यांच्या मर्यादेपेक्षा बरेच जास्त होते. ‘रॉ’ म्हणजे न तापवलेला. इथे तर साखरेचा पाकच उकळून बाटलीत भरला होता.

मग थेंब तळाशी का गेला? कारण ती परीक्षा फक्त दाटपणाची आहे. घट्ट पाकही तसाच बसतो. काडी पेटते की नाही हे ओलाव्यावर ठरतं. उलट सह्याद्रीत पावसाळ्याच्या सुमाराला काढलेला सातेरी मधमाश्यांचा अस्सल मध पातळ असतो, तो या दोन्ही परीक्षांत नापास होऊ शकतो. मोहरीचा मध लवकर गोठतो, तर लोक ‘साखर घातली’ म्हणून तो परत करतात. प्रामाणिक मधपाळाचं नुकसान होतं ते इथे, आणि मला याचाच जास्त राग येतो.

लेबलवरच्या शब्दांचंही तसंच. ‘मल्टिफ्लोरा’चा नियमातला अर्थ एवढाच, की कुठल्याही एका वनस्पतीचे परागकण 45 टक्क्यांहून जास्त नाहीत. शुद्धतेशी त्याचा संबंध नाही. ‘ऑरगॅनिक’ लिहिलं असेल तर जैविक भारतचं चिन्ह शोधा. माश्या दोन-तीन किलोमीटर फिरतात, त्या परिसरात फवारणी नाही हे कुणीतरी तपासलेलं हवं. आमच्या बाटलीवर चिन्ह नव्हतं, फक्त 14 आकडी परवाना क्रमांक होता. तो व्यवसायाचा असतो, त्या बाटलीतल्या मधाचा नाही.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 च्या कलम 40 प्रमाणे ग्राहक स्वतः फी भरून सरकारी अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो. माल नियमांत बसला नाही तर फी परत मिळते. मात्र नमुना तपासायला देणार आहोत, हे खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावं लागतं. पुढच्या प्रदर्शनात पैसे देण्याआधी तेवढं एक वाक्य बोला आणि विक्रेता काय उत्तर देतो ते ऐका.