डीव्हीआरवर काही चॅनल काळे: कनेक्टर बदलायचा, पॉवर सप्लाय की आख्खी केबल?

आठ चॅनलच्या डीव्हीआरवर पाच कॅमेरे स्वच्छ दिसतायत आणि तीन चौकटींत "Video Loss" किंवा "NO SIGNAL" आलंय. अशा वेळी खर्चाचे तीन प्रस्ताव समोर येतात. एक जण म्हणतो बीएनसी, म्हणजे व्हिडिओ केबलच्या टोकाचे कनेक्टर खराब झालेत, दुसरा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय बदला म्हणतो, तिसरा थेट नवी केबल ओढायला सांगतो. तिन्ही दुरुस्त्या आपापल्या जागी बरोबर आहेत, पण एकीच्या जागी दुसरी केली की पैसे जातात आणि चौकट काळीच राहते. खालचा आढावा १२ व्होल्टच्या अॅनालॉग एचडी कॅमेऱ्यांचा आहे. यात थ्री-प्लस-वन केबल असते, म्हणजे व्हिडिओची एक कोअॅक्स, जिच्यात मधली तार आणि तिच्याभोवती तारांची जाळी असते, आणि सोबत तीन बारीक वायरी. सोसायट्या, दुकानं आणि शाळांमध्ये बहुतेक हीच मांडणी सापडते.

| | बीएनसी किंवा जोड | पॉवर सप्लाय | केबल |
|---|---|---|---|
| कसं ओळखायचं | एकच चॅनल बंद, केबल हलवली की चित्र येतं-जातं | अनेक चॅनल एकदम बंद, किंवा लांबचे कॅमेरे फक्त रात्री बंद | दोन्ही टोकांचे कनेक्टर बदलूनही फरक नाही |
| काम | पंधरा-वीस मिनिटं, शिडी | तासाभरात | मजुरीच केबलपेक्षा महाग |
| फसगत कुठे | खरा दोष वायरीत असतो | नवा सप्लाय, पण व्होल्टेजची गळती तशीच | जुनेच स्वस्त कनेक्टर नव्या केबलला |

खर्चाआधी दोन गोष्टी फुकटात करता येतात. पहिली अदलाबदल. बंद चॅनलचा बीएनसी डीव्हीआरच्या मागून काढून चालू चॅनलच्या जागी लावा. काळेपणा केबलबरोबर सरकला, तर दोष केबल, जोड किंवा कॅमेऱ्यात आहे. तो जुन्याच क्रमांकावर राहिला आणि कॅमेरा नव्या जागी दिसू लागला, तर डीव्हीआरचा तो पोर्ट किंवा त्या चॅनलचं सेटिंग बिघडलंय. अॅनालॉग आणि आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे, असे दोन्ही कॅमेरे घेणाऱ्या हायब्रिड डीव्हीआरमध्ये एखादा चॅनल चुकून आयपीवर टाकलेला असतो. त्याला परत अॅनालॉगवर आणलं की काम झालं. पोर्ट खरंच गेला असेल आणि दुसरा चॅनल रिकामा असेल, तर केबल तिथे हलवा. एका पोर्टसाठी डीव्हीआर उघडणं सहसा परवडत नाही.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्यापाशी. भर दिवसा कॅमेऱ्याचं तोंड तळहाताने पूर्ण झाका. थोड्या वेळात कॅमेऱ्याला अंधार वाटतो आणि त्याचे आयआर एलईडी, म्हणजे अंधारात बघण्यासाठीचे दिवे, मंद लालसर पेटतात. डोळ्यांना दिसले नाहीत तर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा. एलईडी पेटले आणि चित्र नाही, तर आधी व्हिडिओचा मार्ग तपासायचा. पेटलेच नाहीत, तर आधी पॉवर. पेटून विझत असतील, पुन्हा पेटत असतील, तर कॅमेऱ्याला व्होल्टेज अपुरं पडतंय आणि तो सारखा रीस्टार्ट होतोय.

कनेक्टरचा पर्याय

एकच चॅनल बंद असेल तर शक्यता याचीच जास्त, आणि त्यातही कॅमेऱ्याकडच्या टोकाची. डीव्हीआरकडचं टोक घरात, कोरडं असतं. बाहेरचं टोक भिंतीवरच्या चौकोनी बॉक्समध्ये असतं, आणि बॉक्सचं झाकण अर्धवट बसलेलं असलं की एका पावसाळ्यात आतल्या तांब्यावर हिरवट थर चढतो. बीएनसी काढल्यावर मधली पिन काळपट दिसत असेल किंवा जाळीच्या तारा हाताला भुसभुशीत लागत असतील, तर घासून साफ करण्यात वेळ घालवू नका. केबल चांगल्या तांब्यापर्यंत मागे कापा आणि नवीन कनेक्टर लावा.

स्क्रूवाल्या बीएनसीत दोन चुका नेहमीच्या. जाळीची केसाएवढी एक तार मधल्या तारेला टेकून राहते आणि सिग्नल शॉर्ट होतो. दुसरी म्हणजे स्क्रू जोरात आवळल्याने मधली बारीक तार अर्धी कापली जाते. ती त्या दिवशी चालते आणि वाऱ्याने केबल हलली की तुटते. वायर जोडूनच येणारा तयार बीएनसी घेतला तर मधली तार मधल्या तारेला आणि जाळी जाळीला पिळून, शक्य असेल तर झाळून, दोन्हींवर वेगवेगळी टेप लावावी लागते. टिकायला क्रिंपचा कनेक्टर सगळ्यांत चांगला, पण थ्री-प्लस-वनमधली कोअॅक्स बऱ्याचदा आरजी-५९ पेक्षा बारीक असते. तिच्यावर आरजी-५९ची रिंग दाबली तरी सैल राहते. विकत घेताना केबलचा तुकडा सोबत न्या.

पॉवर सप्लायचा पर्याय

इथे सर्वाधिक पैसे वाया जातात, कारण मोजण्याची पद्धतच चुकते. कॅमेऱ्याची डीसी पिन काढून मल्टिमीटर लावला की १२ व्होल्ट दिसतात आणि "पॉवर ठीक आहे" असा निकाल लागतो. पण त्या क्षणी वायरीतून करंट वाहतच नसतो, त्यामुळे गंजलेला जोडही १२ व्होल्ट दाखवतो. कॅमेरा जोडलेला आणि आयआर पेटलेला असताना मोजायला हवं. त्यासाठी डीसी पिनला मागून जिथे वायरी जोडल्यात, तिथे मीटरची टोकं लावा.

एक उदाहरण हिशेबासह घेऊ. गेटचा कॅमेरा सप्लायपासून ६० मीटरवर आहे. वायर ०.५ चौरस मिलिमीटरची, पण तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची. करंट जाऊन परत येतो म्हणून लांबी १२० मीटर धरायची. तिचा रोध साधारण ६.६ ओहम होतो. दिवसा कॅमेरा ०.१५ अँपिअर घेतो असं धरलं तर वायरीत १ व्होल्ट जातो आणि त्याला ११ मिळतात. चित्र छान. रात्री आयआर पेटल्यावर तोच ०.३५ अँपिअर घेतो, २.३ व्होल्ट वायरीतच जातात आणि कॅमेऱ्यापाशी उरतात ९.७. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या लेबलवर १२ व्होल्टला दहा टक्के कमी-अधिक अशी मर्यादा असते, म्हणजे किमान १०.८. त्यामुळे संध्याकाळी सातनंतर चौकट काळी आणि सकाळी आपोआप सुरू. असा कॅमेरा असताना कितीही महाग एसएमपीएस आणला तरी १२ व्होल्टच देणार आणि ९.७च पोचणार.

मग उपाय काय? वायरींपैकी तिसरी वायर ऑडिओसाठी वापरात नसेल, तर ती दोन्ही टोकांना पॉझिटिव्हला समांतर जोडा. गळती पाव हिश्शाने कमी होते, वरच्या उदाहरणात २.३ वरून सुमारे १.७ वर. सप्लायवर व्होल्टेजचा छोटा स्क्रू असतो, तो १२.८ पर्यंत वाढवला की गेटवर ११ च्या आसपास मिळतात. मात्र १३.२ ओलांडू नका, कारण त्याच सप्लायवरच्या जवळच्या कॅमेऱ्यांना जवळजवळ पूर्ण व्होल्टेज जातं. गेटच्या केबिनमध्ये वीज असेल तर सगळ्यांत सरळ उपाय म्हणजे तिथेच १२ व्होल्ट २ अँपिअरचा अॅडॉप्टर. चित्रात आडवे पट्टे सरकू लागले तर दोन ठिकाणच्या अर्थिंगमधला फरक कारण असतो, आणि ग्राउंड लूप आयसोलेटर लावावा लागतो.

सप्लाय खरोखर बदलायचा तो कधी? रात्री सगळे आयआर पेटलेले असताना सप्लायच्या स्वतःच्या टर्मिनलवरच १२ ऐवजी साडेदहा-अकरा दिसत असतील, किंवा आतल्या कपॅसिटरची डोकी फुगली असतील तेव्हा. आठ कॅमेऱ्यांना १० अँपिअरचा सप्लाय पुरून उरतो. आठांतला एकच आउटपुट बंद असेल तर आधी त्याचा फ्यूज बघा. झाकण उघडण्याआधी २३० व्होल्टचा प्लग काढा आणि थोडं थांबा, आत चार्ज उरलेला असतो.

एक फसवा दोषही इथलाच. निगेटिव्ह वायर तुटली तरी कॅमेरा चालू राहू शकतो, कारण परतीचा करंट कोअॅक्सच्या जाळीतून डीव्हीआरमार्गे आणि इतर कॅमेऱ्यांच्या जाळीतून सप्लायकडे येतो. चित्रावर रेषा येतात, मग ते जातं. ओळखायची खूण अशी: डीव्हीआरमागचा त्या चॅनलचा बीएनसी काढताच कॅमेऱ्याचे एलईडीही विझतात. इथे दोष निगेटिव्हच्या जोडात आहे, बीएनसी बदलून उपयोग नाही.

केबलचा पर्याय

केबल दोषी ठरवण्याआधी ती दोन्ही टोकांना मोकळी करा. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा. मधली तार आणि जाळी यांच्यात तो वाजला, तर कुठेतरी शॉर्ट आहे. वाजला नाही, तर एका टोकाला दोन्ही एकत्र पिळा आणि दुसऱ्या टोकाला ओहम मोजा. हा आकडा तेवढ्याच लांबीच्या चालू केबलच्या आकड्याशी ताडून बघायचा. चालूत ६ येतात आणि इथे ६०, तर मधला जोड गेलाय किंवा जाळी बरीच तुटली आहे. काहीच नाही आलं, तर तार तुटलीय.

आता निर्णय ठिकाणाचा. केबल डोळ्यांना दिसतेय, उंदराने कुरतडलेला भाग सापडलाय, तर तेवढा कापून कोरड्या बॉक्समध्ये जोड द्या. पण दोष भिंतीतल्या पाइपात असेल, किंवा त्याच केबलवर आधीच दोन जोड असतील, तर नवी ओढणंच स्वस्त. प्रत्येक जोड म्हणजे पाणी शिरायची एक जागा.

नवी ओढायचीच असेल तर पुन्हा थ्री-प्लस-वन घ्यायची का, हाही प्रश्न आहे. जुने कॅमेरे अजून तीन-चार वर्षं चालवायचे असतील तर शुद्ध तांब्याची थ्री-प्लस-वन पुरे. पुढे आयपी कॅमेरे लावायचा विचार असेल तर शुद्ध तांब्याची कॅट-६ टाका. सध्या दोन्ही टोकांना एचडी बलून, म्हणजे बीएनसीचा सिग्नल तारांच्या जोडीवर नेणारे छोटे कनेक्टर, लावून एका जोडीवर व्हिडिओ चालतो आणि बाकीच्या जोड्या एकत्र करून पॉवर देता येते. आयपीसाठी मात्र एकाच ओढीत १०० मीटरची मर्यादा आहे, त्याहून लांब गेटला मध्ये स्विच लागेल.