कृतीदेवच्या स्लाइड युनिकोडमध्ये नेताना: सात महिन्यांनंतरही ‘शेतक-यांना’ पाठ सोडत नाही

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात ग्रामपंचायतीच्या सभागृहात कापसाचं प्रशिक्षण होतं. माझा जुना लॅपटॉप आदल्या दिवशी बंद पडला, म्हणून सहकाऱ्याचा नवा घेऊन गेलो. पेनड्राइव्ह लावला, पहिली स्लाइड उघडली आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात उमटलं: xqykch cksaMvGh. समोर चाळीस-पन्नास माणसं. पहिल्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, “हे कायचं इंग्रजी होय भाऊ?” तिथे ‘गुलाबी बोंडअळी’ लिहिलेलं होतं. नव्या लॅपटॉपवर कृतीदेव हा फॉन्टच नव्हता.

फॉन्ट टाकला की अक्षरं दिसतात, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मीही इतकी वर्षं तेवढंच करत आलो. पण त्या रात्री घरी फाइल उघडून Ctrl+F मध्ये ‘बोंडअळी’ टाकलं, तर एकही ठिकाण सापडलं नाही. मग फॉन्ट बदलून पाहिला, Replace Fonts मधून Kruti Dev 010 च्या जागी Nirmala UI, तर सगळ्या स्लाइडवर इंग्रजी अक्षरांचा चिखल झाला. तेव्हा नीट उमगलं की माझ्या फाइलींमध्ये मराठी कधी नव्हतंच. आत इंग्रजी कळांची अक्षरं होती आणि फॉन्ट त्यांना मराठी मुखवटा चढवत होता.

माझ्याकडे अशा 41 फाइली, मिळून 1,140 स्लाइड. 2009 पासून आमच्या टायपिस्ट ताईंनी वर्डमध्ये टाइप केलेलं, तिथून स्लाइडवर चिकटवलेलं. तालुक्याच्या टायपिंगवाल्यानं स्लाइडमागे 15 रुपये सांगितले, म्हणजे 17,100 रुपये. आपण दिवसभर ज्या शेतकऱ्यांशी खर्च कमी करण्याबद्दल बोलतो, त्यांच्यासाठीच्या कामावर एवढे पैसे मी घालणार नव्हतो. म्हणून एका मित्राकडून फुकटचा कन्व्हर्टर घेतला. ब्राउझरमध्ये उघडणारं एकच पान, दोन चौकोन: वर कृतीदेव चिकटवा, बटण दाबा, खाली युनिकोड. इंटरनेट नसलं तरी चालतो. आमच्याकडे पावसाळ्यात ही मोठी गोष्ट.

पहिल्या आठवड्यात मी त्याच्यावर फार खूश होतो. fuacksGh vdZ टाकलं की ‘निंबोळी अर्क’. दिसायला सोपं, पण यात दोन अडचणी आहेत. कृतीदेवमध्ये पहिली वेलांटी, म्हणजे f, अक्षराच्या आधी टाइप होते. युनिकोडमध्ये ती ‘न’ नंतर यायला हवी. रफाराचा Z उलट ‘क’ नंतर येतो, आणि युनिकोडमध्ये त्याला ‘क’ च्या आधी जावं लागतं. कन्व्हर्टर दोन्ही उचलून योग्य जागी ठेवतो. जोडाक्षरंही बरोबर. दोन दिवसांत पाच फाइली झाल्या.

सहाव्या फाइलीत थांबलो. ‘5% निंबोळी अर्क’ च्या जागी ‘5ः निंबोळी अर्क’. पुढे ‘1 एकर = 0.4 हेक्टर’ चं ‘0ण्4’ झालेलं, आणि बरोबरीच्या खुणेच्या जागी ‘त्र’. कारण साधं आहे. ताईंनी आकडे आणि खुणा एरियलमध्ये टाइप केल्या होत्या, कारण कृतीदेवमध्ये % ची कळ विसर्ग देते, टिंबाची कळ अर्धा ‘ण’ देते. पण चौकोनात मजकूर चिकटवला की फॉन्टची माहिती गळून पडते आणि कन्व्हर्टरला सगळंच कृतीदेव वाटतं. प्रमाण सांगणाऱ्या स्लाइडवर टक्का आणि दशांश चिन्ह गेलं तर मजकूर निरुपयोगी. झालेल्या पाचही फाइली पुन्हा मूळ फाइलींशी ताडून पाहिल्या. चौदा ठिकाणी हेच. तेव्हापासून माझा नियम ठरला: मूळ फाइल कधीच पुसायची नाही, आणि प्रत्येक आकडा दोन्ही फाइली शेजारी ठेवून वाचायचा.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मी या एका गोष्टीवर फार बोलतो असं घरचे म्हणतात, पण मला ती सोडवत नाही.

कन्व्हर्टर ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द देत नाही. देतो ‘शेतक-यांना’. इंटरनेटवर ‘दुस-या’, ‘करणा-या’ असं लिहिलेलं तुम्ही शेकडो वेळा वाचलं असेल. मला वाटायचं, लिहिणाऱ्याला नीट टाइप करता येत नाही. तसं नाही. आमच्या ताईंनी हा अर्धा र, ‘य’ ला चिकटणारी ती आडवी रेघ, कसा टाकला होता ते मूळ मजकुरात पाहा: 'ksrd&;kauk. मधला & म्हणजे कृतीदेवमधला संयोगचिन्हाचा डॅश. कागदावर तो ‘क’ आणि ‘या’ च्या मध्ये असा बसतो की डोळ्याला ऱ्य वाटतो. छापून वाचायचं होतं तोवर काहीच बिघडत नव्हतं. कन्व्हर्टरनं प्रामाणिकपणे डॅशचा डॅश केला. दिसायला थोडं विचित्र, पण खरी गोची शोधताना होते: कोणी ‘शेतकऱ्यांना’ शोधलं तर ती स्लाइड येणारच नाही.

आणि आमच्या भागात हा र कुठे कुठे येतो बघा. o&gkM म्हणजे वऱ्हाड. i&gkVh म्हणजे पऱ्हाटी. ज्या माणसांसाठी, ज्या पिकासाठी, ज्या मुलखासाठी या स्लाइड केल्या, नेमके तेच तीन शब्द रूपांतरानंतर सापडत नव्हते. ‘व-हाड’ वाचताना मला खरंच वाईट वाटायचं.

उपाय पॉवरपॉइंटमध्येच आहे. Replace मध्ये शोधायला ‘-या’ आणि बदलायला ‘ऱ्या’, मग दुसऱ्या फेरीत ‘-हा’ च्या जागी ‘ऱ्हा’. ऱ हे अक्षर विंडोजच्या मराठी इनस्क्रिप्ट कळफलकावर Shift+J ला आहे. (साधा र दोन्हीकडे j वरच, त्यामुळे ताईंना ते लगेच जमलं.) पण Replace All दाबू नका. मी दाबलं, आणि ‘लाभार्थी-यादी’ ची ‘लाभार्थीऱ्यादी’ झाली. तिथला डॅश खराच डॅश होता. Find Next करत एकेक पाहायचं. माझ्या पाणलोटाच्या फाइलीत 38 ठिकाणं निघाली, त्यातली तीन खरी डॅशची. दहा मिनिटांचं काम.

एवढं करूनही एकदा चकलो. मी फोनवरून दुरुस्त केलेल्या दोन स्लाइड शोधात येईनात, डोळ्याला मात्र शब्द अगदी सारखा. कारण हा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एक ऱ, हलन्त आणि य, दुसरा साधा र, हलन्त, मग न दिसणारं जोडचिन्ह U+200D आणि य. दिसतं एकच, शोधणाऱ्याला दोन वेगळे शब्द. आता मी चुकीचा शब्द स्लाइडवरून कॉपी करून शोधाच्या चौकोनात चिकटवतो आणि सगळीकडे ऱ वालं रूप करून घेतो. तुम्ही कोणतंही एक धरा, पण सगळ्या फाइलींत तेच ठेवा.

चार महिन्यांनी माझं मत थोडं बदललं. तोवर मी सांगायचो की फुकटचं पान पुरेसं आहे. दहा-पंधरा स्लाइड असतील तर अजूनही तेच सांगेन. पण स्लाइडवर रंगीत अक्षरं, तक्ते, मध्येच इंग्रजी असेल, तर चिकटवाचिकटवीत सगळी मांडणी जाते आणि पुन्हा करायला रूपांतरापेक्षा जास्त वेळ लागतो. पुतण्यानं पायथनमध्ये, python-pptx वापरून, छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. तो फाइलीतल्या प्रत्येक तुकड्याचा फॉन्ट पाहतो आणि फक्त Kruti Dev 010 असेल तेवढंच बदलतो. टक्के आणि दशांशाचं दुखणं तिथेच संपलं.

त्याचीही पहिली फेरी फसली. ‘अर्क’ चं ‘अक’ झालं आणि Z तसाच उरला. पीपीटीएक्स फाइल उघडून आत पाहिलं तर शब्द असा तुटलेला:

```
<a:r><a:t>vd</a:t></a:r><a:r><a:t>Z</a:t></a:r>
```

कोणी नंतर रफार घातला, एखादं अक्षर ठळक केलं, स्पेलचेकनं लाल रेघ मारली, की पॉवरपॉइंट शब्दाचे असे तुकडे करतं. तुकडा तुकडा वेगळा बदलला तर रफाराला उडी मारायला मागचं अक्षरच मिळत नाही, आणि वेलांटीला पुढचं. म्हणून आधी एकाच फॉन्टचे शेजारचे तुकडे जोडायचे, मग बदलायचे. काही ठिकाणी शब्दाच्या अर्ध्या भागाचा रंग गेला. ते मला चालतं. आणखी एक: प्रोग्रॅमनं नवीन फॉन्टचं नाव a:latin मध्ये लिहिलं होतं, पण देवनागरीसाठी पॉवरपॉइंट a:cs मधलं नाव पाहतं. ते नाव घातल्यावरच सगळीकडे सारखं दिसायला लागलं. अक्षर मात्र मोठं दिसतं. कृतीदेवच्या 28 ला मी आता 22 ठेवतो, नाहीतर मजकूर चौकोनाबाहेर जातो.

झालेलं तपासायला मी प्रत्येक फाइलीत ‘्ा’ शोधतो, म्हणजे हलन्तानंतर लगेच काना. शुद्ध मराठीत ही जोडी कुठेच येत नाही. कृतीदेवमध्ये ‘प’ दोन प्रकारे काढता येतो, i नं किंवा अर्ध्या प ला काना देऊन Ik नं, आणि दुसऱ्या प्रकारातून हा उरलेला काना येतो. सापडला की दोन्ही चिन्हं पुसायची, अक्षर पूर्ण होतं.

आजच्या घडीला 41 पैकी 33 फाइली झाल्या. दोन फाइलींत मजकूर चित्र म्हणून चिकटवलेला आहे, तो ताई पुन्हा टाइप करताहेत. उरलेल्या सहा श्री-लिपीतल्या आहेत. त्या फॉन्टात अक्षरांच्या जागा वेगळ्या, त्यामुळे कृतीदेवचा तक्ता तिथे लावला तर भलतंच येतं. त्यांना हात लावलेला नाही. गेल्या आठवड्यात पुसदजवळच्या एका गावातून फोन आला, तुरीच्या मर रोगाची ती जुनी स्लाइड पाहिजे म्हणून. फोल्डरच्या शोधात ‘मर रोग’ टाकलं आणि 2011 ची फाइल वर आली. सोबत ‘शेतकऱ्यांना’ पण शोधून पाहिलं. पाच फाइलींत अजून ‘शेतक-यांना’ आहे.